तापातली आकडी : घड्याळात दोन मिनिटे

मुलगा तेव्हा दीड वर्षाचा होता. दुपारपासून तो मलूल होता, पण त्याला ताप चढला आहे हे आम्हाला आकडी आल्यावरच कळले. माझ्या मांडीवर असतानाच त्याचे डोळे वर फिरले, अंग ताठ झाले, आणि मग दोन्ही हातपाय एका ठेक्यात झटके देऊ लागले. ओठांभोवती निळसर छटा आली. दातखीळ सोडवायला मी त्याच्या तोंडात बोट घालणार होतो. पत्नीने माझा हात मागे ओढला नसता तर घातलेही असते. जीभ गिळली जात नाही, उलट बोट किंवा चमचा घातल्याने दात तुटू शकतो किंवा श्वास अडू शकतो, हे मला नंतर समजले.

तिने त्याला जमिनीवर कुशीवर निजवले, गळ्याजवळची बटणे सोडली आणि घड्याळ पाहिले. लाळ गालावरून बाहेर ओघळत राहिली, आणि कुशीवर निजवायचे ते याचसाठी. झटके दाबून थांबवायचे नसतात, आणि शुद्ध पूर्ण येईपर्यंत पाणी किंवा तापाचे औषध तोंडात घालायचे नसते. मला पाव तास गेल्यासारखे वाटले; घड्याळात जेमतेम दोन मिनिटे झाली होती. आकडी पाच मिनिटांपुढे गेली असती, तर लगेच रुग्णवाहिका बोलवावी लागली असती.

पहिलीच वेळ असल्याने थांबताच आम्ही दवाखाना गाठला. डॉक्टरांनी आधी विचारले, किती वेळ चालली, झटके सगळ्या अंगाला होते की एकाच बाजूला, आणि शुद्धीवर यायला किती वेळ लागला. पंधरा मिनिटांपेक्षा कमी, दोन्ही बाजूंना आणि चोवीस तासांत एकदाच आलेली आकडी साधी मानतात. त्यांनी मान ताठ नाही ना ते पाहिले, कारण ताप, ग्लानी आणि ताठ मान असे एकत्र दिसले तर मेंदूज्वराची शंका घ्यावी लागते. नंतर घसा आणि कान तपासले. कान सुजलेला निघाला. मेंदूचा स्कॅन किंवा ईईजी त्यांनी सांगितला नाही. साध्या आकडीत त्याची गरज नसते.

घड्याळ लावून पॅरासिटामॉल देत राहिलो तर पुन्हा आकडी येणार नाही ना, असे मी विचारले. नाही, त्याने मुलाला बरे वाटते, आकडी टळत नाही, असे उत्तर मिळाले. (हे पटायला मला बरेच दिवस लागले.) साधारण तीनपैकी एका मुलाला पुढच्या एखाद्या तापात ती पुन्हा येते, आणि पाच-सहा वर्षांचे होईपर्यंत बहुतेकांची थांबते.

आमच्या मुलाला सात महिन्यांनी ती पुन्हा आली. यावेळी घड्याळ मी पाहिले: एक मिनिट चाळीस सेकंद. नंतर तो गाढ झोपला. श्वास संथ चालू होता, हाक मारली की पापण्या हलत होत्या. अर्ध्या तासाने त्याने डोळे उघडले, मला ओळखले आणि दोन्ही हात उचलून कडेवर घ्यायला सांगितले.