बारा घनमीटर, पण कुठले?

रस्ता लहानसाच होता. लांबी ८० मीटर, रुंदी ३.६ मीटर, आणि शेवटी मोठ्या रस्त्याला मिळताना दोन्ही बाजूंना वळणाचे त्रिकोणी तुकडे. जुन्या डांबरी रस्त्यावर ४० मिलिमीटरचा नवा थर द्यायचा होता. मिश्रण साइटवरच छोट्या हॉट मिक्स यंत्रात बनणार होतं, त्यामुळे तयार माल टनावर मागवून मोकळं होता येत नव्हतं. खडी किती आणि डांबर किती, हे वेगवेगळं काढून द्यायचं काम माझ्याकडे आलं.

क्षेत्रफळ काढायला वेळ लागला नाही. ८० गुणिले ३.६ म्हणजे २८८ चौरस मीटर. त्रिकोणांच्या बाजू ३ आणि ४ मीटर, म्हणजे एक ६ चौरस मीटरचा आणि दोन मिळून १२. एकूण बरोबर ३००. त्याला ०.०४ ने गुणलं की १२ घनमीटर. मी कागदावर लिहून टाकलं : खडी १२ घनमीटर, डांबर ५.४ टक्के. डांबराचा आकडा मिक्स डिझाइनच्या कागदावरून उचललेला होता.

साहेबांनी कागद पाहिला आणि एवढंच विचारलं, "बारा घनमीटर, पण कुठले? दाबलेले की सुटे?"

मला प्रश्नच कळला नाही. तेव्हा त्यांनी कपाटातून आधीच्या एका कामाचा कोअर काढून माझ्या हातात दिला. रस्त्यातून ड्रिलने कापून काढलेली ती डांबरी चकती, १०० मिलिमीटर व्यासाची आणि ४२ मिलिमीटर जाडीची. "याचं घनफळ काढ आणि वजन कर." घनफळ आलं ३३० घनसेंटिमीटर. काट्यावर वजन ७७५ ग्रॅम. म्हणजे घनता २.३५. (प्रयोगशाळेत कोअर हवेत आणि पाण्यात तोलून घनता काढतात, कारण त्याची बाजू खडबडीत असते आणि पट्टीने मोजलेलं माप थोडं चुकतं. पण मला समजायला तेवढं पुरे होतं.)

मग त्यांनी एक लिटरचं माप दिलं आणि ढिगातली मिसळलेली खडी त्यात सैल भरायला सांगितली. वजन आलं दीड किलो. त्या हिशेबाने कोअरएवढ्या जागेत सुटी खडी जेमतेम ४९५ ग्रॅम मावते. आणि हातातल्या कोअरमध्ये ७७५ पैकी ५.४ टक्के डांबर, म्हणजे ४२ ग्रॅम वजा केले तरी ७३३ ग्रॅम खडी बसलेली होती. सुट्या खडीत दाण्यादाण्यामध्ये हवा असते. रोलर ती बाहेर काढतो, बारीक दाणे मोठ्यांच्या फटीत बसतात, आणि शेवटी काही टक्केच पोकळी उरते. घनफळ तेच असलं तरी आत माल दीडपट होतो.

माझ्या आकड्याने काम केलं असतं तर काय झालं असतं तेही मी मांडून पाहिलं. १२ घनमीटर सुटी खडी म्हणजे १८ टन. त्यात डांबर धरून मिश्रण १९ टन, आणि ते ३०० चौरस मीटरवर दाबलं तर जाडी २७ मिलिमीटर. चाळीसच्या जागी सत्तावीस! किंवा जाडी चाळीसच ठेवली असती तर रस्त्याच्या शेवटच्या पंचवीसेक मीटरला मालच उरला नसता.

तेव्हापासून मी घनफळावरून सरळ खडीवर जातच नाही. आधी घनफळ गुणिले दाबलेली घनता, म्हणजे मिश्रणाचं वजन, आणि मग त्याची फोड. १२ गुणिले २.३५ म्हणजे २८.२ टन. घनता कुठली घ्यायची हाही एक मुद्दा आहे. डिझाइनच्या कागदावर प्रयोगशाळेतल्या नमुन्याची घनता २.४२ होती. रस्त्यावर रोलरने तेवढी दबाई होत नाही. आमच्या रोलरने ९७ टक्के मिळत होती, म्हणून २.३५. हा आकडा सगळीकडे चालत नाही. खडी जड दगडाची असेल तर तो बराच वर जातो, त्यामुळे दुसऱ्या कामाची घनता उचलण्यात अर्थ नाही.

दुसरी चूक टक्क्यांची होती, आणि ती जास्त लबाड, कारण दिसतच नाही. मी खडी काढली २६.६८ टन आणि तिचे ५.४ टक्के म्हणून डांबर लिहिलं १.४४ टन. डिझाइनमधले ५.४ टक्के मात्र एकूण मिश्रणाच्या वजनाचे होते. २८.२ चे ५.४ टक्के म्हणजे १.५२ टन. फरक ८० किलोचा. ऐकायला किरकोळ वाटतो, पण कमी डांबराने बनलेल्या मिश्रणात प्रत्यक्षात ५.१ टक्केच डांबर राहतं. आम्हाला अधिकउणे ०.३ एवढीच सवलत होती. म्हणजे ती सगळी कागदावरच संपली असती आणि यंत्राच्या मापातल्या चुकीला जागाच उरली नसती. डांबर कमी पडलेला माल ओळखता येतो : मिश्रण तपकिरी, कोरडं दिसतं, दाण्यांवर चकाकी नसते आणि ढीग टोकदार उभा राहतो. पण तोपर्यंत तो रस्त्यावर आलेला असतो. यंत्रावर खडी तोलून त्यावर डांबर सोडायचं होतं, म्हणून मी ऑपरेटरसाठी फळ्यावर वेगळा आकडा लिहिला : १०० किलो खडीला ५.७१ किलो डांबर. ५.४ भागिले ९४.६ केलं की तो मिळतो.

जुन्या पृष्ठभागाला चिकटण्यासाठी मारायचा टॅक कोट यात धरायचा नाही. ते इमल्शन वेगळं येतं, चौरस मीटरला पाव किलोच्या आसपास, म्हणजे आमच्या कामाला ७५ किलो.

आता जाडी. "४० मिलिमीटर" हा आकडा सपाट रस्त्याचा, आणि आमचा जुना रस्ता सपाट नव्हता. मी आणि रोलरवाले मामा दर दहा मीटरवर आडवी दोरी ताणून डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे खाली किती अंतर राहतं ते मोजत गेलो. बहुतेक ठिकाणी दोन-चार मिलिमीटर. ३० मीटरवर मात्र मध्यभागी २४ मिलिमीटरचा खळगा. सगळ्यांची सरासरी ५ मिलिमीटर आली. ३०० चौरस मीटरवर ५ मिलिमीटर म्हणजे दीड घनमीटर, साडेतीन टन जादा माल. नुसत्या क्षेत्रफळ आणि जाडीच्या हिशेबात हा कुठेच दिसत नाही.

मी म्हटलं, मग थर टाकतानाच खळगा भरून निघेल. मामा हसले. "वरून सपाट दिसंल ताई, पण रोलर फिरला की खड्डा परत वर येईल." कागदावर मांडल्यावर पटलं. आमचा ४० चा थर टाकताना सुटा ५० मिलिमीटर टाकायचा होता, सव्वापट. खळग्यात तोच माल सपाट ओढला तर सुटी जाडी ७४ होते, आणि दाबल्यावर ५९. हवी असते ६४. म्हणजे पाच मिलिमीटरचा खळगा उरतोच, आणि पाणी नेमकं तिथेच साचतं. म्हणून खोलगट जागा आधी वेगळ्या भरून, दाबून घ्यायच्या आणि मग अख्खा थर.

शेवटचा हिशेब असा झाला : २८.२ अधिक ३.५ म्हणजे ३१.७ टन, त्यावर ३ टक्के सांडलवंड, एकूण ३२.७ टन मिश्रण. त्यात डांबर १.७७ टन, खडी ३०.९ टन. सुट्या मापात ही खडी साडेवीस घनमीटर होते. माझ्या पहिल्या कागदावर बारा होती.

खडीत ३८ टक्के क्रशरची डस्ट होती, म्हणजे पावणेबारा टन. डस्टचा ढीग पावसात भिजलेला. मी त्यातली एक किलो डस्ट लोखंडी तव्यावर भाजली, वाफ थांबेपर्यंत हलवत राहिले, आणि परत तोललं तर ९५२ ग्रॅम. म्हणजे कोरड्या वजनाच्या पाच टक्के पाणी होतं. पावणेबारा टन कोरडी डस्ट हवी तर वजनकाट्यावर १२.३ टन यायला हवी. मोठी खडी पाणी फारसं धरत नाही, तिथे मी काही वाढवलं नाही.

कामाच्या दिवशी माझ्याकडे दोनच आकडे होते, हाताच्या मागे पेनाने लिहिलेले : चौरस मीटरला ९४ किलो, आणि दर मिलिमीटरला २.३५ किलो. खळगे आदल्या दिवशी भरले होते. सकाळी पहिला सहा टन माल संपला तेव्हा मी टेप लावली. ६४ चौरस मीटर, म्हणजे पावणेअठरा मीटर लांबी व्हायला हवी होती. झाली होती साडेचौदा मीटर. चौरस मीटरला ११५ किलो, जाडी ४९ मिलिमीटर. दाताळ्याने माल पसरणारे रेकरवाले नजरेने ओढत होते, आणि नजर नेहमी जास्तच ओढते. काम थांबवून दोन्ही कडांना ५० मिलिमीटरच्या लाकडी पट्ट्या ठेवल्या, आणि मधल्या भागासाठी सळईला पन्नासवर खडूची खूण करून ती गरम थरात टोचत राहिले. पुढच्या सहा टनांत अठरा मीटर लांबी झाली.

पण पहिल्या तुकड्यात अकराशे किलो जादा गेले होते, आणि सांडलवंडीसाठी ठेवलेला सगळा माल साडेनऊशे किलोचा. दुसऱ्या वळणाच्या त्रिकोणावर ढकलगाडी खरवडून माल टाकला.

आठवड्याने तीन कोअर काढले. पहिल्या टप्प्यातला ४८ मिलिमीटर, मधला ४१. त्रिकोणाजवळचा ३७ निघाला.