आत्याच्या दाताचे अंदाजपत्रक

"यातले काय वगळले तर चालेल, तेवढे सांग," असे आत्याने इंदूरहून पाठवलेल्या इंग्रजी अंदाजपत्रकाच्या फोटोखाली लिहिले होते. एकूण रक्कम होती 25,200 रुपये.

'आरसीटी 36' म्हणजे खालच्या डाव्या बाजूच्या, मधोमधपासून सहाव्या दाताचे, म्हणजे दाढेचे रूट कॅनाल. ती दाढ वाचवायची असेल तर हे टाळता येत नाही. त्यावरची कॅपही ऐच्छिक समजू नये, कारण पोखरलेली दाढ चावताना उभी चिरली तर बहुधा काढावीच लागते. निवड असते ती कॅपच्या प्रकाराची. मागच्या दाढेला महागडी झिरकोनियाच हवी असे नाही, धातूची कॅपही उत्तम टिकते.

माझी नजर अडली ती 'पोस्ट अँड कोअर' या ओळीवर. पोस्ट म्हणजे दाढेच्या मुळाच्या आत बसवायची काडी, कोअर म्हणजे तिच्यावरचा भराव. काडीने मूळ मजबूत होत नाही, ती फक्त वरच्या भरावाला आधार देते. दाढेच्या भिंती पुरेशा शिल्लक असतील तर नुसता भराव पुरतो, आणि ते कीड साफ केल्यावरच नक्की कळते. म्हणून ही रक्कम 'लागल्यास' अशी लिहून मागायला आत्याला सांगितले.

यादीतले ब्लीचिंग, म्हणजे दात उजळवणे, पूर्णपणे हौसेचे. मात्र पुढच्या दातांना कॅप बसवायची असती तर ते आधी करावे लागले असते, कारण कॅपचा रंग नंतर उजळत नाही.

गरजेची कामे आणि हौसेची कामे एकाच बेरजेत का लिहितात?