श्यामच्या आईचे व्यक्तिचित्र

मराठीच्या गृहपाठासाठी आज साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मधील आईचे व्यक्तिचित्र लिहिले. प्रेमळ, सोशिक, संस्कारी ही विशेषणे ओळीने मांडली तर ते वर्णन कोणत्याही आईला चालेल, म्हणून मी दोनच प्रसंग घेतले आणि तिच्या कृतीकडे पाहिले.

पहिला प्रसंग आंघोळीनंतरचा. ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट धरतो, आई आपल्या लुगड्याचे ओचे धोंड्यावर पसरते आणि त्यावर पाय टिपू देते. आणि मग, पायांना जपतोस तसेच मनालाही घाण लागू नये म्हणून जप, असे सांगते. आधी हट्ट पुरवायचा आणि नंतर बोलायचे, हा क्रमच तिचा स्वभाव सांगतो, असे मला वाटते.

दुसरा प्रसंग पोहण्याचा, आणि खरा कस इथेच लागतो. भीतीने लपून बसलेल्या श्यामला हीच आई शिंपटीने मारून विहिरीकडे धाडते, कारण आपल्या मुलाला लोकांनी भित्रा म्हणावे हे तिला सहन होत नाही. मुलगा परतल्यावर मात्र त्याच्या अंगावरचे वळ पाहून तिचेच मन कळवळते. ‘ती कडक होती की मायाळू?’ असे विचारणे मला अपुरे वाटते. मारताना आणि वळ पाहताना तिच्या मनात एकच काळजी आहे, आणि माझ्या व्यक्तिचित्राचे मुख्य विधान मी तेच ठेवले.