टेस्ट आणि टेस्ट

"ताई, तुमच्याकडे क्लास लावला तर किती महिन्यांत माझा अ‍ॅक्सेंट जाईल? अगदी इंग्रजांसारखं बोलता येईल का?"

नाही येणार. आणि अ‍ॅक्सेंट घालवायचं काम मी घेतही नाही. पंचविशी-तिशीत शिकायला आलेल्या माणसाच्या बोलण्यातून मातृभाषा पुरती निघून गेली, असं क्वचितच घडतं. समोरच्याला पहिल्या फटक्यात कळेल असं बोलणं मात्र तीनेक महिन्यांत बरंच जमतं. ही दोन कामं एकच आहेत असं बहुतेकांना वाटतं, तिथेच घोळ होतो.

इंग्रजीत हे पटकन लक्षात येत नाही, मराठीत येतं. आमच्या शेजारच्या काकू मूळच्या कानपूरकडच्या. लग्न होऊन इंदूरला आल्या, रामबागेत सगळा मराठी शेजार, त्यामुळे मराठी बोलायला लागल्या. 'चमचा', 'चांगलं' यातला च त्या हिंदीतल्या 'चाय'सारखा म्हणतात. बाई मराठी नाही हे दुसऱ्या शब्दाला कळतं, पण त्या च-मुळे कुणाला काही समजलं नाही, असं आजवर झालेलं नाही. त्यांचा ळ मात्र ल होतो. एकदा आईला त्यांनी दारातूनच विचारलं, "वेल आहे का तुमच्याकडे?" आई म्हणाली, "आहे की, गोकर्णाचा. बी देऊ?" काकूंना बाजारात जायला सोबत हवी होती. आता शिकवायचंच असेल तर काकूंना काय शिकवाल? मी ळ शिकवीन. च-ला हातही लावणार नाही.

माझ्या क्लासमध्येही हेच चालतं. दोन वर्षांपूर्वी एक मुलगा आला होता. पीथमपूरला औषधांच्या कारखान्यात निर्यातीची कागदपत्रं बघायचा. आठवड्यातून दोनदा त्याला परदेशी ग्राहकांशी फोनवर बोलावं लागे. ग्राहक कुठले, तर एक जर्मन, एक ब्राझीलचा. म्हणजे फोनवर जन्माने इंग्रज असं कुणीच नाही! तरी या गड्याने व्हिडिओ बघून अमेरिकन र घोटला होता, आणि वेग असा पकडला होता की निम्मे शब्द ओठातच राहायचे. ग्राहक दर वाक्याला "सॉरी?" म्हणत.

मी त्याला काही शिकवलंच नाही आधी. त्याच्या कामातली दहा वाक्यं त्याच्याकडून रेकॉर्ड करून घेतली आणि दोघांना पाठवली: आमच्या गल्लीतल्या निवृत्त मल्याळी नर्सबाई आणि जर्मनीत असलेल्या माझ्या भाचीचा एक जर्मन सहकारी. मूळ वाक्यं दोघांनाही दाखवली नव्हती. जे ऐकू येईल ते एकदाच ऐकून लिहायचं, एवढंच सांगितलं. दुरुस्त करायची जागा मला अशीच सापडते. मी स्वतः ऐकून काही उपयोग नसतो, कारण मला त्याचं म्हणणं आधीच माहीत असतं.

कागद परत आले तेव्हा दहापैकी सहा वाक्यं दोघांनीही शब्द न् शब्द बरोबर लिहिली होती. वर जर्मन माणसाने शेरा मारला होता, 'अ‍ॅक्सेंट फार जड.' जड वाटलं, पण सगळं कळलं. कॅनडातल्या मरे मनरो आणि ट्रेसी डरविंग यांनी 1995 साली हेच दाखवलं होतं. मँडेरिन मातृभाषा असलेल्यांचं इंग्रजी बोलणं त्यांनी इंग्रजीभाषकांना ऐकवलं, ऐकलेलं लिहायला लावलं आणि उच्चार किती परका वाटतो त्याला 1 ते 9 अशा पट्टीवर गुण द्यायला सांगितले. अगदी परका म्हणून गुण मिळालेली कितीतरी वाक्यं लिहिताना एकही शब्द चुकला नव्हता.

उरलेली चार वाक्यं कुठे फसली? 'द' आणि 'थ' आपण म्हणतो तसे होते, पण त्यांनी काही बिघडलं नाही. आपल्या ठसठशीत ट-नेही नाही. जेनिफर जेंकिन्स यांनी 2000 साली परभाषिकांच्या आपसातल्या इंग्रजीसाठी जे उच्चार आवश्यक म्हणून मांडले, त्यातही इंग्रजांचा तो 'थ' नाहीच.

फसवलं होतं आमच्या इंदुरी ए-ने. इथे 'पैसा'चा 'पेसा' होतो, 'बैंक'ची 'बेंक' होते. 'वी हॅव टेस्टेड द सँपल' हे जर्मन माणसाने 'सँपल चाखून पाहिलं' असं लिहिलं होतं. टेस्ट म्हणजे चाचणी आणि टेस्ट म्हणजे चव, दोन्ही आपण एकाच ए-ने म्हणतो. चवीतला ए लांब आणि शेवटी इ-कडे झुकणारा, 'टेय्स्ट'सारखा. चाचणीतला तुटक, जबडा जरा खाली. आठ दिवसांत जमलं त्याला. 'बेच'ची 'बॅच' तर एका बैठकीत झाली, कारण 'बॅट' म्हणताना मराठी माणूस तो स्वर रोजच काढतो.

दुसरा गोंधळ जास्त महागाचा. फिफ्टीन ड्रम्स की फिफ्टी ड्रम्स? सँपल चाखलं म्हटलं तर समोरचा हसून समजून घेतो. इथे दोन्ही आकडे शक्य, संदर्भ कामाला येत नाही. पुस्तकं सांगतात की फिफ्टीनमध्ये जोर 'टीन'वर द्या. एकटा शब्द असेल तर ठीक. पण पुढे ड्रम्स आलं की खुद्द इंग्रजांचाही जोर 'फिफ'वर सरकतो, आणि फरक उरतो तो लांब ई आणि न यांचा. फोनवर तो न कधी गळेल सांगता येत नाही. म्हणून त्याला सवय लावली: "फिफ्टीन, वन-फाइव्ह." यात उच्चार सुधारला असं काही नाही, पण घोटाळा संपला.

तिसरं, जोर. त्याच्या प्रत्येक मालाबरोबर 'सर्टिफिकेट ऑफ अ‍ॅनालिसिस' जातं, आणि तो म्हणायचा अ‍ॅ-ना-ली-सिस, उचल 'ली'वर. मराठीत जोर इकडचा तिकडे झाला तरी शब्द तोच राहतो, म्हणून आपल्याला हे खटकतच नाही. इंग्रजी ऐकणारा मात्र जोराच्या अक्षराला धरून शब्द शोधतो. अ-नॅ-लिसिस. दोन्ही अंगठ्यांत रबर बँड अडकवून 'नॅ'ला ताणायचा, बाकी अक्षरांना सैल सोडायचा. त्याच्या कामातले असे चाळीसेक शब्द काढले, तेवढेच घोटले.

अमेरिकन र मात्र मी सोडायला लावला. त्याने थोडा रुसवा धरला होता.

तीन महिन्यांनी नवी दहा वाक्यं त्याच दोघांना पाठवली. नऊ बरोबर आली. अ‍ॅक्सेंट? "अजून जडच," जर्मन माणसाने लिहिलं.

यात एक अडचण आहे, ती लपवत नाही. काही ठिकाणी मुलाखतीला बसलेली माणसं सगळं कळत असूनही नाक मुरडतात. अमेरिकेत डोनाल्ड रुबिन यांनी 1992 साली विद्यार्थ्यांना एकच रेकॉर्डिंग ऐकवलं होतं. सोबत आशियाई बाईचा फोटो दाखवला, तर काहींना नसलेला अ‍ॅक्सेंट ऐकू आला आणि समजलंही कमी. त्या कानांवर माझ्याकडे इलाज नाही, आणि कुणी तसा इलाज विकत असेल तर पैसे देण्याआधी विचार करा.

तुम्ही यायचं ठरवलंत, तर आधी तुमच्या रोजच्या कामातली दहा वाक्यं रेकॉर्ड करा. तुमचं काम ज्याला माहीत नाही अशा कुणाला तरी ती ऐकून लिहायला सांगा. मात्र मित्राला नको, तो मनानेच भरतो. तो कागद घेऊन या.