कात्री उघडून फोटो पाठवा

आमचं दुकान पंचवटीत. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते धार लावायच्या एका चाकावर सुरू केलं. विळे, खुरपी, कोयते, कुऱ्हाडी असं जे येईल त्याला धार लावून द्यायची. पुढे गिऱ्हाईकच म्हणू लागलं, धार लावता तसा नवा मालही ठेवा. मग एका बाजूला फळी टाकून विळे टांगले गेले. निफाड-दिंडोरीकडची द्राक्षबागायतदार मंडळी येऊ लागली तशा छाटणीच्या कात्र्या आल्या, आणि आज आमचा निम्म्याहून जास्त धंदा कात्र्यांचा आहे.

आण्णांच्या काळी ओळखण्याचा प्रश्नच नव्हता. माणूस जुनं हत्यार पिशवीतून घेऊन यायचा, आण्णा ते हातात घेऊन दोनदा उघडझाप करायचे आणि फळीवरून तसंच काढून द्यायचे. आता माणूस येत नाही, फोटो येतो. "ही मिळेल का? किती नग आहेत?" एवढंच खाली लिहिलेलं असतं. फोटोवरून हत्यार ओळखायला आम्ही शिकलो ते एका मोठ्या चुकीतून. ती चूक आमचीच होती.

ऑक्टोबरची गोडी छाटणी तोंडावर होती. दिंडोरी तालुक्यातल्या एका बागायतदाराने सकाळी फोटो पाठवला. गोणपाटावर ठेवलेली, मिटलेली, लाल दांड्यांची सिकेटर. "अशाच 24 पाहिजेत, परवा टोळी येणार आहे." आमच्याकडे त्याच आकाराच्या, लाल दांड्यांच्या कात्र्यांची नवी खेप नुकतीच आली होती. मी फोटो आणि माल शेजारी धरून बघितला. लांबी तीच, रंग तोच, मिटवायची पट्टीही तीच. दुपारच्या गाडीने 24 नग रवाना केले.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, पण काळजीचा होता. "दादा, काड्या चेंगरताहेत. तुम्ही बघाच." पाठोपाठ कापलेल्या काडीचे फोटो आले. काप गोल दिसायला हवा, तो चपटा झाला होता. एका बाजूची साल दबून चिरली होती, आणि ती चीर वरच्या डोळ्याच्या दिशेने उतरत होती. द्राक्षात डोळ्याच्या वर एक-दोन सेंटीमीटर काडी ठेवून कापतात. तेवढ्या तुकड्यात चीर गेली की डोळ्यापर्यंत पोचायला तिला फार अंतर राहत नाही. आणि गोडी छाटणीत ज्या डोळ्यावर घड धरायचा, तोच तो डोळा असतो.

सगळे म्हणाले, नट ढिला असेल. मलाही आधी तेच वाटलं, कारण नट ढिला झाला की चांगली कात्रीसुद्धा काडी खराब करते. पण त्याची खूण वेगळी असते. पातं आणि हुक यांच्यात फट पडली की काडी पूर्ण तुटत नाही, शेवटी सालीचा एक पदर ओढला जातो आणि कापाला शेपटी राहते. या फोटोत शेपटी नव्हती. काप आरपार झाला होता, फक्त एक बाजू सपाट दाबलेली होती. मी खेपेतली एक कात्री उघडून टेबलावर ठेवली आणि चूक समोर दिसली.

सिकेटर दोन जातीच्या असतात. एकीला कॅटलॉगमध्ये बायपास म्हणतात. तिचं वरचं पातं बाकदार आणि धारेचं, खाली पोपटाच्या चोचीसारखं जाड हुक, त्याला धार नाही. पातं हुकाच्या अंगाला घासून पुढे जातं आणि काडी कातरली जाते. दुसरी अ‍ॅनव्हिल, आम्ही दुकानात तिला पाटाची कात्री म्हणतो. तिचं पातं सरळ, आणि खाली मऊ धातूचा किंवा प्लॅस्टिकचा रुंद सपाट पाट. पातं त्या पाटावर येऊन थांबतं, विळीवर नव्हे तर पाटावर सुरीने भाजी चिरावी तसं. वाळलेल्या लाकडाला ही कात्री उत्तम. जोर कमी लागतो, वाळका ओलांडा, मेलेली काडी, गुलाबाचं जुनं वाळकं खोड पटकन तुटतं. पण ओल्या, जिवंत काडीला पाटाची बाजू चेंगरते. धार कितीही लावा, ते टळत नाही, कारण काडीला सरकायला जागाच नसते. दोन्ही मिटल्या की दांडे, स्प्रिंग, पट्टी सगळं सारखं दिसतं. फरक आहे तो पात्याखाली, आणि मिटलेल्या कात्रीच्या फोटोत नेमकं तेच झाकलेलं असतं.

त्याच संध्याकाळी आमच्याकडच्या बायपास कात्र्या घेऊन धाकटा भाऊ बागेवर गेला. जिथे चीर डोळ्याकडे उतरली होती, तिथे त्यांनी काडीवर एक डोळा खाली येऊन पुन्हा काप घेतला. चोवीसच्या चोवीस आम्ही परत घेतल्या, पैसे लावले नाहीत. टोळीचा मुकादम भावाला म्हणाला, "आम्ही पहिल्या दिवशीच म्हणत होतो, हात वेगळा लागतोय." हे मला फार लागलं. टोळीला हातात धरताच कळलं ते मला फोटोत कळलं नव्हतं.

तेव्हापासून मिटलेल्या कात्रीच्या फोटोवर आम्ही माल देत नाही. उत्तरात लिहितो : कात्री पूर्ण उघडा, सपाट जागेवर ठेवा, शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा, आणि मोबाईल बरोबर वरून धरा.

नाणं कशाला, असं पुष्कळ जण विचारतात. एकाच घडणीची कात्री सहा इंचातही येते आणि आठ इंचातही, आणि फोटोत दोन्ही सारख्याच मोठ्या दिसतात. दहाच्या नाण्याचा व्यास 27 मिलिमीटर. जुनं असो, नवं असो, तेवढाच. मागच्या हंगामात ओझरकडून एका ताईंचा फोटो आला, लांब सरळ पात्यांची कात्री, "छाटणीची कात्री" असं लिहिलेलं. स्क्रीनवर पट्टी लावली तर नाणं 18 मिलिमीटर भरलं आणि पातं 30. तीस भागिले अठरा, गुणिले सत्तावीस, म्हणजे खरं पातं 45 मिलिमीटरचं. अरुंद, सरळ, टोक थोडं बोथट केलेलं आणि दोन्ही पाती धारेची. ही छाटणीची नव्हे, विरळणीची कात्री. घडातले जादा मणी काढताना ती दोन मण्यांच्या मधे जाते, आणि टोक बोथट असल्याने शेजारच्या मण्याला टोचत नाही. ताईंना फोन केला तर त्यांना विरळणीचीच हवी होती, त्यांच्या घरी सगळ्याच कात्र्यांना छाटणीची म्हणतात. हिने काडी कापायला गेलं तर पाती वाकतील, आणि सिकेटरने विरळणी करायला गेलं तर ती घडात शिरणारच नाही.

नाण्याचा आणखी एक उपयोग आम्हाला नंतर कळला. फोटोत नाणं लांबट दिसलं तर समजायचं, मोबाईल तिरपा धरला होता. मग ते माप धरायचं नाही, दुसरा फोटो मागायचा.

एक घोटाळा मात्र नाण्यानेही सुटत नाही. पिंपळगावच्या एका मुलाने बागेत उभं राहून कात्री हातात धरून फोटो काढला. बायपास होती, पण पातं आणि हुक आमच्या मालाच्या उलट अंगाला. आम्ही म्हटलं, डावखुऱ्याची दिसते, ती मागवावी लागेल. भावाने फोटो मोठा करून बघितला तर दांड्यावरची अक्षरं उलटी! मुलाने पुढच्या कॅमेऱ्याने फोटो काढला होता, आणि काही मोबाईल तो आरशासारखा उलटाच साठवतात. डावी-उजवी कात्री चुकली तर नुकसान होतं. बायपासचं पातं झाडावर राहणाऱ्या काडीकडे यावं आणि हुक पडणाऱ्या तुकड्याकडे, कारण हुकाच्या बाजूला थोडा दाब पडतोच. तो दाब टाकाऊ तुकड्यावर गेलेला बरा. म्हणून हातात धरलेल्या फोटोत आधी अक्षरं वाचायची. अक्षरं नसतील तर मागच्या कॅमेऱ्याने पुन्हा काढायला सांगायचं.

विळ्याच्या बाबतीतही तोच प्रकार होतो, फक्त तिथे फोटो दोन्ही अंगांनी लागतात. दातेरी विळ्याचे दाते बहुतेक एकाच अंगाने पाडलेले असतात. दुसऱ्या अंगाने काढलेल्या फोटोत तो साधा दिसतो. इगतपुरीकडचा शेतकरी भाताला दातेरी मागतो, आणि कांद्याची पात कापायला बायकांना साधा, लहान, चांगल्या धारेचा विळा लागतो. कांद्यावर दोन-अडीच सेंटीमीटर मान ठेवून एका झटक्यात पात तुटायला हवी. तिथे दातेरी गेला तर मान ओढली जाते. आणि भाताला साधा गेला तर माणूस दिवसातून चारदा सहाणेवर बसतो. उलट दातेरी विळा सहाणेवर घासला की दातेच जातात, हे आम्ही प्रत्येकाला आवर्जून सांगतो.

फोटोत जे दिसतच नाही त्याबद्दल आम्ही आता स्पष्ट बोलतो. पोलाद कसलं आहे, पाणी नीट दिलंय का, स्प्रिंग दमलीय का, हे चित्रातून कळत नाही. नटातला ढिलेपणा थोडाफार कळतो. कात्री मिटून उजेडासमोर धरायची आणि पातं-हुकामधून उजेडाची रेघ येते का ते बघायचं. आली तर नवी कात्री घेण्याआधी नट आवळून बघा, असं आम्ही लिहितो. तेवढ्यात काम झालं तर आमची एक कात्री विकली जात नाही, पण पुढच्या वर्षी तो माणूस आमच्याचकडे येतो.

मोठी मागणी असली तरी आता पहिल्यांदा एकच नग पाठवतो. बागायतदाराला सांगतो की तो टोळीच्या मुकादमाच्या हातात द्या, ओलांड्यावरची काढून टाकायचीच असलेली एक ओली काडी घ्या, तिच्यावर चार काप घ्या आणि त्या कापांचा जवळून फोटो पाठवा. काप गोल असेल, साल कडेला चिकटलेली असेल, शेपटी नसेल, तर उरलेल्या कात्र्या त्याच दिवशी गाडीत टाकतो.