‘बोला’ या एका शब्दासाठी पाच आठवडे

मी जळगावात एका कॉल सेंटरमध्ये टीम लीडर आहे. ठिबक आणि पंप विकणाऱ्या एका कंपनीची मराठी लाइन आम्ही सांभाळतो. फोन रावेर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा अशा भागांतून येतात आणि बहुतेक शेतातूनच येतात. फोन उचलल्यावर आमच्या मुलींनी म्हणायची पहिली दोन वाक्यं बदलून घ्यायला मला पाच आठवडे लागले. त्यातले चार आठवडे एका अर्जात गेले, आणि तो अर्ज आठवला की अजूनही चिडचिड होते. ज्यांना आपल्या सेंटरचं स्क्रिप्ट बदलून घ्यायचंय त्यांचे तेवढे दिवस वाचावेत, म्हणून लिहून काढते.

जुनं स्क्रिप्ट असं होतं: ‘नमस्कार, अमुक कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्रामध्ये आपले हार्दिक स्वागत आहे. मी अमुक. आज मी आपली काय सहाय्यता करू शकते?’ त्यानंतर नाव कळलं की, ‘माझे बोलणे श्री. पाटील यांच्याशी होत आहे का?’

हे दुसरं वाक्य हिंदी स्क्रिप्टवरून शब्दाला शब्द लावून आलेलं आहे. मराठी माणूस ‘पाटीलच बोलताय ना?’ असं विचारतो. ‘माझे बोलणे होत आहे का’ असं आपल्याकडे कुणीही, कधीही, कुणालाही म्हणत नाही.

मला हे सगळं नुसतं कानाला खटकत होतं. ज्या रात्री एक कॉल ऐकला त्या रात्री ते बदलायचंच असं ठरवलं. साडेदहाची वेळ होती, शेतीची लाईट नुकतीच आली असणार. आमच्या मुलीने ‘ग्राहक सेवा केंद्रामध्ये’ म्हणेपर्यंत तिकडून आवाज आला, ‘ताई, लाईट उनी, पन मोटर चालू व्हत नही.’ मुलगी थांबली, आणि तिने स्वागत पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. कारण ऑडिटच्या तक्त्यात ‘ग्रीटिंग पूर्ण आणि जसंच्या तसं’ हा फेटल मुद्दा आहे. एक शब्द राहिला की अख्ख्या कॉलचे गुण शून्य. ती दुसऱ्यांदा ‘हार्दिक स्वागत’ म्हणत असताना त्याने फोन ठेवला. मोटर बंद, पिकाला पाणी नाही, लाईट किती वेळ राहील याचा भरवसा नाही, अशा माणसाला आम्ही दोनदा स्वागत ऐकवलं. मुलीची चूक काहीच नव्हती, पण ती शिफ्ट संपल्यावर रडली.

मग जमेल तसे चाळीसेक कॉल मी फक्त पहिल्या पंधरा सेकंदांसाठी ऐकले. तुम्हीही सुरुवात इथूनच करा. स्क्रिप्ट कागदावर वाचून काहीच कळत नाही. समोरचा माणूस नेमक्या कुठल्या शब्दावर मध्ये बोलतो ते लिहून ठेवा. आमच्याकडे बहुतेक जण ‘स्वागत’च्या आसपास मध्ये बोलत होते, म्हणजे त्यांना पाहिजे ते तोवर मिळालेलं होतं, किंवा मिळणार नाही हे कळलेलं होतं. जुनं स्क्रिप्ट घड्याळ लावून मोजलं तर नऊ सेकंद होत होते.

आणखी एक गोष्ट ऐकताना कळली. कॉल जोडला जाताना पहिला शब्द बऱ्याचदा अर्धा कापला जातो. मुलगी ‘नमस्कार’ म्हणते, शेतकऱ्याला ‘...स्कार’ ऐकू जातं. म्हणून ‘नमस्कार’ पहिलाच ठेवायचा. तो कापला गेला तरी बिघडत नाही, आणि त्याच्या मागून येणारं कंपनीचं नाव शाबूत राहतं. आधी मला वाटलं होतं की कंपनीचं नावच पहिलं घ्यावं म्हणजे वेळ वाचेल. तसं दोन दिवस करून पाहिलं, तर लोक ‘कोण बोलतंय?’ विचारायला लागले.

नवीन स्क्रिप्ट लिहायला एक दुपार पुरली: ‘नमस्कार, अमुक कंपनीतून अमुक बोलतेय. बोला, काय मदत करू?’ चार सेकंद. शेवटच्या तीन शब्दांवर मात्र आम्ही खूप घोळ घातला. ‘काय अडचण आहे?’ चांगलं वाटत होतं, पण दुकानदार बिलासाठी फोन करतो तेव्हा त्याला अडचण काही नसते. ‘कशासाठी फोन केला होता?’ हे जाब विचारल्यासारखं लागतं. ‘काय मदत करू शकते?’ यात ते ‘शकते’ नको होतं, कारण मदत करता येते की नाही हा प्रश्नच नाही, त्यासाठीच तर ती तिथे बसलीय. ‘काय मदत करू?’ दुकानदाराला आणि शेतकऱ्याला, दोघांनाही चाललं.

आता तो अर्ज.

स्क्रिप्टमध्ये एक अक्षर बदलायचं तरी कंपनीच्या मुख्य कार्यालयाकडे बदलाचा अर्ज भरावा लागतो. त्यात एक रकाना आहे, ‘मूळ इंग्रजी मजकूर’. तो भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. माझं वाक्य तर मराठीतच सुचलेलं होतं, त्याला मूळ इंग्रजी कुठून आणू? मी जुन्या स्क्रिप्टचंच इंग्रजी तिथे टाकलं. आठवड्याने अर्ज परत आला: ‘भाषांतर मुळाशी जुळत नाही.’ मग मी माझ्या वाक्याचं इंग्रजी करून टाकलं. पुन्हा आठवडा. पुन्हा परत: ‘सूर उद्धट आहे.’

उद्धट? मला खरंच कळेना. फोन केला तेव्हा उलगडा झाला. तपासणाऱ्या बाईंना मराठी येत नव्हतं. त्या वाक्य उलटं इंग्रजीत करून घेत होत्या आणि ते वाचून निर्णय देत होत्या. ‘बोला’चं इंग्रजी त्यांच्यासमोर ‘स्पीक’ असं आलं होतं. ग्राहकाला ‘स्पीक’ म्हणणं त्यांना चालणार नव्हतं, आणि त्यांच्या जागी मी असते तर मलाही चाललं नसतं. पण आपल्याकडे दारात आलेल्या माणसाला आपण ‘या, बसा, बोला’ म्हणतो. त्यात हुकूम नसतो, तुमचं ऐकायला मी मोकळी आहे असं सांगणं असतं. हे इंग्रजीत समजावताना माझ्या नाकी नऊ आले. तिसऱ्या वेळी मी खुलाशाची पानभर टीप जोडली. ती त्यांनी वाचली की नाही देव जाणे. आठवड्याने उत्तर आलं की ‘बोला’च्या जागी ‘कृपया बोला’ करा.

‘कृपया बोला’ आणखी वाईट. ‘कृपया’ आपण पाटीवर लिहितो, ‘कृपया चपला बाहेर काढा’. तोंडाने म्हटलं की ते सूचनेसारखं लागतं. मी चिडून एक लांबलचक ईमेल लिहिला, आणि तो पाठवला नाही हे फार बरं झालं.

शेवटी घोडं हललं ते आवाजामुळे. एकाच मुलीकडून दोन्ही स्क्रिप्टं तीन-तीनदा म्हणून घेतली, ती रेकॉर्ड केली, आणि सोबत ग्राहक मध्येच बोलतो असे दहा कॉल जोडले. लिहिलं फक्त एवढंच: वाचू नका, ऐका, आणि तुमच्या ऑफिसातल्या मराठी येणाऱ्या कुणालाही ऐकवा. त्यांच्या शेजारच्या टेबलावर एक विदर्भातले गृहस्थ बसत होते, त्यांना ऐकवलं गेलं. चौथ्या दिवशी मंजुरी आली. माझा जीव भांड्यात पडला, पण तीन आठवडे हे मला का सुचलं नाही याची चुटपुट अजून आहे. तुम्ही अर्ज भराल तेव्हा पहिल्याच दिवशी आवाजाची फाइल जोडा.

त्याच झटक्यात मी ऑडिटचा तक्ताही बदलून घेतला, आणि ते स्क्रिप्टपेक्षा महत्त्वाचं ठरलं. आता ‘जसंच्या तसं’ हा मुद्दा गेला. नमस्कार, कंपनीचं नाव, स्वतःचं नाव आणि विचारपूस, या चार गोष्टी आल्या की गुण पूर्ण. फेटल फक्त कंपनीचं नाव न घेणं. आणि ग्राहक मध्येच बोलला तर स्वागत सोडून द्यायचं, पुन्हा सुरू करायचं नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. हे लिहिलेलं नसेल तर मुली गुणांच्या भीतीने जुनंच करत राहतात.

मधे एक सांगायचं राहिलं, ‘आपण’बद्दल. जुन्या स्क्रिप्टमध्ये सगळीकडे ‘आपण’ होतं, आदर म्हणून. पण मराठीत ‘आपण’ म्हणजे तुम्हीही आणि तुम्ही-मी मिळूनही. ‘आपण फिल्टर साफ केला आहे का?’ असं विचारल्यावर एका आजोबांनी विचारलं, ‘तुमचा माणूस येऊन गेला का मग?’ त्यांना वाटलं कंपनीने केला का असं आम्ही विचारतोय. आम्ही सगळीकडे ‘तुम्ही’ केलं. त्यावर उद्धटपणाची तक्रार आजवर आलेली नाही.

‘सर’ आणि ‘मॅडम’ही काढलं. नाव कळलं की पाटील भाऊ, चौधरी दादा, बाई असेल तर ताई. आवाजावरून वय ठरवून ‘काका’ किंवा ‘आजी’ म्हणायचं नाही, त्यात चुका होतात आणि समोरचा दुखावतो. नाव कळेपर्यंत नुसतं ‘तुम्ही’ पुरतं. अहिराणीत बोलणाऱ्याशी मुलीने उसनी अहिराणी बोलू नये असंही ठरवलं. घरची अहिराणी असेल तर ती आपोआप येते आणि ग्राहक खुलतो. घरची नसेल तर त्याला चेष्टा वाटते. समजून घेता आली पाहिजे, एवढंच.

सुराचं मात्र कागदावर मंजूर करून घेता येत नाही. ‘बोला’ खाली पडत्या आवाजात म्हटलं तर ते खरंच तुटक लागतं, पोलीस चौकीत विचारल्यासारखं. ‘ला’ जरासा लांबवून, आवाज थोडा वर ठेवून म्हणायचं. मी मुलींना सांगितलं, घरी मामा आले आणि तुम्ही पाणी देऊन समोर बसलात, की ‘बोला मामा’ कसं म्हणता, तसं म्हणा. एका तासात जमलं. आधी ‘हसऱ्या आवाजात बोला’ अशी सूचना होती, तिने नुकसानच होत होतं, कारण मोटर जळालेल्या माणसाला हसरा आवाज नको असतो.

फोन जोडण्याआधी वाजणारं ‘हा कॉल गुणवत्ता आणि प्रशिक्षणाच्या हेतूने रेकॉर्ड केला जाऊ शकतो’ हे वाक्य आम्हाला बदलता आलं नाही. ते कंपनीच्या कायदा विभागाकडे आहे. त्यात वेळ घालवू नका, आधी हातात आहे ते नीट करा.

आता राहिलंय ते कॉलचं शेवटचं वाक्य, ‘आपला दिवस शुभ असो’. रात्री अकरा वाजता, शेतात उभ्या असलेल्या माणसाला. त्याच्या जागी ‘ठेवते, काही लागलं तर परत फोन करा’ एवढंच हवंय. अर्ज सोमवारी टाकलाय, या वेळी रेकॉर्डिंग आधीच जोडून.