सूप कशात शिजलंय?

ठाण्यात हॉटेलात बसून 'हे शाकाहारी आहे का' असं विचारायची वेळ सहसा येत नाही. 'शुद्ध शाकाहारी' असं पाटीवरच लिहिलेलं असतं, नाहीतर मेनूकार्डाची पानं वेगळी असतात. मामलेदारची मिसळ खाताना डोळ्यांतून पाणी येतं, पण रस्सा कशाचा, ही शंका काही मनात येत नाही. त्यामुळे असलं काही विचारायचा सरावच आपल्याला नसतो. मग मुलगी इंग्लंडात लीड्सला राहायला जाते, आपण तिच्याकडे जातो, ती दिवसभर ऑफिसात असते, आणि दुपारी एकच्या सुमारास आपण दोघं एका टेबलाशी बसलेलो असतो. समोर वेट्रेस उभी असते आणि तोंडात पाचवीपासून शिकलेलं इंग्रजी असतं. वाचायला सांगा, पेपर वाचून दाखवते. बोलायला सांगितलं की क्रियापदं पळून जातात.

अशा वेळी आपल्या सगळ्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघतं ते 'इज इट व्हेज?' तिकडे व्हेज म्हणजे नुसत्या भाज्या. सुपात बटाटा आणि लीकची पात दिसतेय म्हटल्यावर ती मुलगी 'येस' म्हणणारच, आणि ते खोटंही नसतं. पण ते सूप कोंबडीची हाडं उकळून काढलेल्या पाण्यात, म्हणजे चिकन स्टॉकमध्ये केलेलं असू शकतं. शाकाहारी माणसाची खरी अडचण ताटात दिसणाऱ्या तुकड्यांची नसते, ते बाजूला काढता येतात. अडचण असते न दिसणाऱ्या गोष्टींची: पाणी कशाचं, तळण कशात, पुडिंग थिजवलंय कशाने.

बरं, 'यात काय काय आहे?' असा मोकळा प्रश्न विचारावा, तर उत्तर ऐकून घेण्याची आपली तयारी हवी. लीड्सच्या बोलीत ती मुलगी एका दमात जे सांगते, त्यातलं मला 'बटर' तेवढं कळतं. म्हणजे छोटा प्रश्न विचारला तर भलतंच 'येस' पदरात पडतं आणि मोठा विचारला तर उत्तर डोक्यावरून जातं.

यावर मला सापडलेला उपाय म्हणजे दोन्ही पर्याय आपणच समोर ठेवायचे. 'चिकन स्टॉक ऑर व्हेजिटेबल स्टॉक?' एवढंच. क्रियापद नाही, व्याकरण नाही. या प्रश्नाला नुसतं 'येस' म्हणता येत नाही. कुणी म्हणालंच, तर त्याला प्रश्न कळलेला नाही हे आपल्याला तिथल्या तिथे कळतं. मी तसं विचारलं तेव्हा ती मुलगी पेन हातात धरून क्षणभर थांबली, 'आय विल चेक' म्हणाली आणि आत गेली. वेटर आत विचारायला गेला की मला बरं वाटतं. जागच्या जागी मान डोलावणाऱ्यापेक्षा त्याचा भरवसा जास्त. बाहेर येऊन ती म्हणाली, 'चिकन. सॉरी, लव्ह.' तिकडे अनोळखी बाईलाही सहज 'लव्ह' म्हणतात. ह्यांनी चमकून वर पाहिलं.

आमच्या ह्यांची विचारण्याची पद्धत वेगळी, अगदी ठाण्याहून नेलेली. 'नो एग इन धिस, नो?' घोटाळा इथे होतो. आपण मराठीत विचारतो, 'अंडं नाही ना घालत?' समोरचा म्हणतो, 'हो, नाही घालत.' म्हणजे आपलं 'हो' नकाराला दुजोरा देतं. इंग्रजीत अंडं नसेल तर उत्तर 'नो' येतं, आणि हे दचकतात. 'येस' आलं तर ते अंडं आहे म्हणून की नाही म्हणून, हे सांगणाऱ्यालाही धड माहीत नसतं. म्हणून प्रश्नात नकार घालायचाच नाही. 'एग?' असं सरळ विचारायचं. 'नो' म्हणजे नाही, विषय संपला. अंड्याबद्दल मात्र वेगळं विचारावंच लागतं, कारण तिकडच्या शाकाहारात अंडं बसतं. मेनूवर पदार्थापुढे इंग्रजी 'व्ही'ची खूण असली, तरी त्यात अंडं असू शकतं. त्यापेक्षा 'व्हीगन' हा शब्द कामाला येतो. त्यात अंडं नाही, जिलेटिन नाही, पण दूधही नाही. म्हणून मी 'व्हीगन, बट मिल्क ओके' म्हणते. ऐकायला विचित्र वाटतं, पण कळतं सगळ्यांना.

आणखी एक सोय आहे आणि ती आपल्याकडच्या बऱ्याच जणांना ठाऊक नसते. युरोपात 2014 च्या डिसेंबरपासून हॉटेलांना पदार्थात ठराविक 14 ॲलर्जीकारक गोष्टींपैकी काय आहे ते सांगावंच लागतं. ब्रिटनमध्येही तो नियम चालू आहे. बऱ्याच ठिकाणी त्याची एक फाइल असते. 'ॲलर्जन लिस्ट, प्लीज' म्हटलं की आणून देतात. उभे रकाने, आडव्या ओळी, खुणा केलेल्या. आमच्यासारख्यांना ही फाइल म्हणजे वरदान, कारण ती ऐकायची नसते, वाचायची असते. अंडं, मासे, कोळंबीच्या जातीचे आणि शिंपल्यांच्या जातीचे जीव, दूध, शेंगदाणे असं सगळं त्यात सापडतं. सॅलडवर ओतलेल्या रसात किंवा थाई भाजीत लपलेला मासा इथे पकडला जातो.

पण ही यादी ॲलर्जीसाठी केलेली आहे, आपल्यासाठी नाही. कोंबडी, बीफ, डुकराची चरबी यांचा तिच्यात रकानाच नाही. त्या चिकन स्टॉकच्या सुपापुढे दूध आणि सेलरी अशा दोनच खुणा होत्या. तेवढं वाचून कुणीही खुशाल चमचा उचलला असता. तेव्हा मासे आणि अंडं फाइलमध्ये बघायचं, मांसाचं तोंडाने विचारायचं. आमच्या सोसायटीतल्या काकू मुलाकडे निघाल्या, तेव्हा कचराळी तलावाला फेऱ्या मारता मारता त्यांच्याकडून एवढंच घोटून घेतलं. त्या म्हणाल्या, "अगं, पण मी विचारलं आणि त्याला राग आला तर?" राग येत नाही. ॲलर्जीवाले रोज विचारत असतात, त्यांना सवय आहे.

लीड्स ज्या यॉर्कशर भागात आहे, तिथे सगळ्यात जपायचं ते बटाट्याच्या चिप्सना, म्हणजे तळलेल्या फोडींना. बटाटा आणि मीठ, त्यात काय विचारायचं, असंच वाटतं. पण तिथल्या जुन्या वळणाच्या फिश अँड चिप्सच्या दुकानांत तळण बऱ्याचदा बीफ ड्रिपिंगमध्ये असतं, म्हणजे गाईबैलांच्या वितळवलेल्या चरबीत. लपवाछपवी नसते, उलट अभिमानाने पाटीवर लिहितात. मी काउंटरवर 'ऑइल ऑर बीफ ड्रिपिंग?' विचारलं, तर तो गृहस्थ छाती फुगवून म्हणाला, 'ड्रिपिंग, ऑफ कोर्स!' हे खूश होऊन पाकीट काढायला लागले होते. मी त्यांना बाहेर ओढलं आणि अर्थ सांगितला.

दुसऱ्या दुकानात 'ऑइल' हे उत्तर मिळालं, पण त्याच कढईत मासेही तळत होते. आमच्या दोघांचं एकमत मोडतं ते इथे. तेल आहे ना, मग झालं, असं ह्यांचं म्हणणं. मी 'सेम फ्रायर?' विचारल्याशिवाय राहत नाही, आणि छोट्या दुकानात उत्तर बहुतेक 'येस' असतं. मग ते रस्त्याच्या कडेला बाकावर बसून चिप्स खातात आणि मी पलीकडच्या कॅफेत जाऊन ओव्हनमध्ये भाजलेला बटाटा आणि चीज मागवते.